एका वायूचे दोन अपराध

१९३० साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात टॉमस मिड्‌ग्ले नावाच्या संशोधकाने श्रोत्यांच्या देखत एक वायू छातीभर ओढून घेतला आणि तो सावकाश सोडीत समोरची पेटती मेणबत्ती विझवून दाखविली. हा वायू विषारी नाही आणि ज्वालाग्राही तर नाहीच नाही, अशा दोन गोष्टी त्याने एकाच उच्छ्‌वासात सिद्ध केल्या. त्या काळी घरगुती शीतकपाटांत अमोनिया, गंधकाचा उग्र धूर किंवा मेथिल क्लोराइड असे पदार्थ खेळविले जात, नळीला बारीकशी चीर पडली तरी घरातील माणसांच्या जिवावर बेतण्याचे भय असे, आणि त्यामुळे जनरल मोटर्सच्या आश्रयाखाली चालणाऱ्या शीतकपाटांच्या धंद्याला एखाद्या निरुपद्रवी शीतकाची फार निकड होती. मिड्‌ग्ले व त्याचे सहकारी यांनी कार्बनच्या एका अणूभोवती क्लोरीनचे दोन आणि फ्लुओरीनचे दोन अणू बसवून जो रेणू मुक्रर केला, तो न जळणारा, न कुजणारा, पाण्यात न विरघळणारा आणि दुसऱ्या कोणत्याही पदार्थाशी सहसा संबंध न ठेवणारा असा होता. ‘फ्रिऑन’ या व्यापारी नावाने तो बाजारात आला आणि शीतकपाटे, वातानुकूलन यंत्रे, अत्तराच्या व कीटकनाशकांच्या फवारणीचे डबे, फेसाळ गाद्या अशा शेकडो वस्तूंतून त्याचा व त्याच्या भावंडांचा संचार सुरू झाला. या साऱ्या कुटुंबाला क्लोरोफ्लुरोकार्बन असे म्हणतात.

पुढे अर्धशतक उलटण्यापूर्वीच या निरुपद्रवी कुटुंबावर दोन आरोप आले: एक, की ते आकाशातील ओझोनचा थर नष्ट करते, आणि दुसरा, की ते पृथ्वीची उष्णता अडवून धरते. आरोपी एकच असल्यामुळे लोकांनी अपराधही एकच मानला. ओझोनला भोक पडले, त्या भोकातून जास्त ऊन आत शिरू लागले, आणि म्हणून पृथ्वी तापू लागली, ही समजूत आजही चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकू येते. ती ऐकावयास सुसंगत वाटते, परंतु तीत कार्यकारणभावाचा एकही दुवा बरोबर जोडलेला नाही. हे दोन अपराध वेगवेगळ्या उंचीवर, वेगवेगळ्या किरणांच्या बाबतीत आणि सर्वस्वी भिन्न रीतीने घडतात. त्यांचा तपासही दोन निरनिराळ्या परंपरांच्या शास्त्रज्ञांनी, एकमेकांची फारशी वास्तपुस्त न घेता, शंभरावर वर्षे केला.

उष्णतेची बाब अधिक जुनी आहे. पृथ्वीला सूर्यापासून जेवढी उष्णता मिळते, तेवढीच ती अवकाशात परत सोडते. मग तिचे तापमान आहे तितके का, असा प्रश्न जोझेफ फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने १८२४ मध्ये उपस्थित केला. सूर्याचा प्रकाश वातावरणातून सहज खाली येतो, परंतु तापलेल्या जमिनीतून निघणाऱ्या अदृश्य, काळोख्या उष्णतेला परत जाताना तेच वातावरण अडथळा करीत असले पाहिजे, असे अनुमान त्याने बांधले. अडथळा नेमका कोण करतो हे मात्र त्याला सांगता आले नाही. १८५६ मध्ये युनिस फूट या अमेरिकन विदुषीने काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवली आणि कार्बन डायऑक्साइडने भरलेले नळकांडे सर्वांत अधिक तापते व निवण्यास फार वेळ घेते, हे नोंदवून ठेवले. त्या वायूचे प्रमाण वाढल्यास पृथ्वीचे तापमान वाढेल, असेही तिने लिहिले. तिची नोंद पुढे दीडशे वर्षे विस्मृतीत पडून राहिली. तिच्या प्रयोगात ऊन आणि जमिनीची परतणारी उष्णता यांची फारकत झालेली नव्हती हे खरे, तथापि योग्य वायूवर बोट ठेवण्याचा मान तिचाच आहे.

ती फारकत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील जॉन टिंडल याने केली. १८५९ च्या मे महिन्यात त्याने जी योजना उभी केली, ती पाहण्यासारखी होती. मधोमध पितळेची एक लांब नळी. तिच्या दोन्ही तोंडांना काचेऐवजी सैंधवाच्या, म्हणजे खनिज मिठाच्या, घासून गुळगुळीत केलेल्या चकत्या, कारण काच उष्णतेचे काळोखे किरण गिळते आणि सैंधव त्यांना निर्वेध जाऊ देते. एका टोकाला उकळत्या पाण्याने भरलेले तांब्याचे घनाकृती भांडे, दुसऱ्या टोकाला किंचित उष्णताभेदानेही विद्युत्‌प्रवाह उत्पन्न करणारी तापविद्युत्‌-चिती, आणि त्या चितीच्या पाठीमागे उष्णतेचे दुसरे भांडे अशा बेताने ठेवलेले, की नळी निर्वात असताना दोन्ही बाजूंचे पारडे समसमान राहून सूची शून्यावर स्थिर राहावी. मग नळीत वायू सोडावयाचा आणि सूची हलते की नाही ते पाहावयाचे. शुद्ध प्राणवायू आणि नत्रवायू, म्हणजे ज्यांनी वातावरणाचा जवळजवळ सारा भाग व्यापलेला आहे ते वायू, नळीत भरले असता सूची जागची ढळली नाही. त्याच नळीत कार्बन डायऑक्साइड किंवा पाण्याची वाफ अत्यल्प प्रमाणात सोडताच सूची झपाट्याने फिरली. डोळ्यांना सारखेच पारदर्शक दिसणारे वायू उष्णतेच्या किरणांना मात्र एक खिडकीसारखे व दुसरे भिंतीसारखे आहेत, हा शोध टिंडललाही इतका अनपेक्षित होता, की त्याने आपल्या यंत्रातच खोट असेल या शंकेने पुनःपुन्हा पडताळा घेतला.

याचे कारण रेणूंच्या घडणीत आहे. एकाच जातीच्या दोन अणूंनी बनलेला प्राणवायूचा किंवा नत्रवायूचा रेणू थरथरला, तरी त्या थरथरण्यातून विद्युत्‌भाराचे असंतुलन उत्पन्न होत नाही आणि म्हणून अवरक्त किरणांना त्याच्याशी देवाणघेवाण करता येत नाही. बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांचे रेणू तीन किंवा अधिक अणूंचे असून ते अशा रीतीने वाकतात व ताणले जातात, की विशिष्ट लांबीचे अवरक्त किरण ते शोषून घेतात आणि मग सर्व दिशांना परत फेकतात. त्यांतील काही भाग खाली जमिनीकडे येतो. या व्यवहारालाच हरितगृह परिणाम म्हणतात, आणि तो मुळात शाप नसून जीवसृष्टीवरील उपकार आहे; कारण तो नसता तर पृथ्वीपृष्ठाचे सरासरी तापमान सुमारे १५ अंश सेल्सिअसऐवजी शून्याखाली १८ अंशांच्या आसपास राहिले असते. तक्रार आहे ती मनुष्याने त्यात घातलेल्या भरीची.

ही भर किती परिणाम करील याचा हिशेब स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस याने १८९६ मध्ये मांडला. चंद्रापासून येणाऱ्या उष्णतेची सॅम्युएल लँगली याने घेतलेली मापे पुढ्यात ठेवून, पृथ्वीचे अक्षांशांप्रमाणे पट्टे पाडून आणि हजारो बेरजा-गुणाकार हाताने करून, हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान ५ ते ६ अंशांनी वाढेल असे उत्तर त्याने काढले. उत्तर आजच्या मानाने काहीसे चढे आहे; आणि असे तापमान वाढणे थंडीने गारठलेल्या उत्तरेकडील लोकांस सुखावहच होईल, असे त्याला वाटत होते, हेही सांगितले पाहिजे. परंतु त्याच्या हिशेबावर लवकरच एक वजनदार हरकत आली. त्याच्याच देशातील क्नुट ऑंगस्ट्रॉम याच्या प्रयोगशाळेत नळीतील कार्बन डायऑक्साइड कमी-जास्त केला असता शोषणात नगण्य फरक पडतो असे दिसून आले. म्हणजे, हवेत आहे तेवढाच वायू आपल्या वाट्याचे सर्व किरण गिळण्यास पुरेसा आहे, अधिक घालून अधिक काय गिळणार? हा युक्तिवाद इतका बिनतोड वाटला, की पन्नासएक वर्षे बहुतेक हवामानशास्त्रज्ञांनी हे प्रकरण दाखल-दप्तर करून टाकले.

हरकतीतील दोष वातावरणाच्या उंचीत दडलेला होता. एका नळीतील वायू म्हणजे वातावरण नव्हे. वातावरण हे एकावर एक घातलेल्या अनेक पांघरुणांसारखे आहे, आणि उष्णता अखेर अवकाशात जाते ती सर्वांत वरच्या, विरळ पांघरुणातून. खालच्या थरांत वायू कितीही दाट असला तरी वर कुठेतरी तो इतका विरळ होतो, की तेथून किरण निसटू शकतात. वायूची भर पडली म्हणजे ही निसटण्याची पातळी आणखी वर सरकते. वर हवा अधिक थंड असते, थंड हवा कमी उष्णता सोडते, आणि म्हणून जमाखर्च पुन्हा जुळेपर्यंत खालील सर्व थरांना व जमिनीला तापावे लागते. शोषणाच्या रेषांची बारकाईने मापे व गणकयंत्रे हाती आल्यावर गिल्बर्ट प्लास याने १९५६ च्या सुमारास हे आकड्यांनी दाखविले. त्याआधी, १९३८ मध्ये, गाय कॅलेंडर नावाच्या एका इंग्रज वाफयंत्र-अभियंत्याने जगभरची तापमाने गोळा करून पृथ्वी खरोखरीच तापू लागली असल्याचे प्रतिपादन केले होते, पण हवामानखात्याच्या बाहेरील या गृहस्थाचे म्हणणे तज्ज्ञांनी सौजन्याने ऐकून घेतले एवढेच. १९५८ च्या मार्चपासून चार्ल्स कीलिंग याने हवाई बेटावरील मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर कार्बन डायऑक्साइडचे सतत मापन सुरू केले. त्या वेळी दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग असलेला तो वायू आज ४२० च्या वर गेला आहे. कारखानदारीच्या युगापूर्वी तो २८० च्या आसपास होता.

ओझोनची कथा याच्याहून सर्वस्वी निराळी, आणि ती सूर्याच्या बाजूने सुरू होते. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात अतिनील टोकाकडचा भाग पृथ्वीवर पोहोचतच नाही, मध्येच कापल्यासारखा थांबतो, हे एकोणिसाव्या शतकातील निरीक्षकांच्या ध्यानात आले होते, आणि हा भाग वरच्या हवेतील ओझोन गिळतो असे १८८१ मध्ये वॉल्टर हार्टली याने सुचविले. प्राणवायूच्या नेहमीच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनच्या रेणूत तीन. अतिनील किरण प्राणवायूचा रेणू फोडतात, सुटा झालेला अणू दुसऱ्या रेणूला चिकटतो व ओझोन बनतो. तोच ओझोन निराळ्या अतिनील किरणांनी पुन्हा फुटतो. आणि या घडामोडीच्या समतोलातून जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर, ज्याला स्थितांबर म्हणतात त्या शांत प्रदेशात, ओझोनचा साठा टिकून राहतो. सिडनी चॅपमन याने ही उपपत्ती १९३० मध्ये मांडली. ‘थर’ म्हणताना वाचकाने कल्पनेला लगाम घालावा. हा सगळा ओझोन खाली आणून जमिनीवरील दाब व तापमान यांच्या स्थितीत पसरला, तर त्याची जाडी अवघी ३ मिलिमीटर भरेल.

एवढा विरळ पदार्थ जमिनीवर उभे राहून मोजण्याची युक्ती ऑक्सफर्डच्या गॉर्डन डॉब्सन याने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात काढली. ओझोन जोराने गिळतो असा एक अतिनील किरण आणि त्याच्या शेजारचाच, ओझोन फारसा गिळत नाही असा दुसरा, या दोहोंच्या प्रखरतेची तुलना केली म्हणजे मध्ये किती ओझोन आहे ते कळते. त्याची यंत्रे देशोदेशी गेली, त्यांत दक्षिण भारतातील कोडाईकनाल येथील वेधशाळाही होती. पुण्याच्या हवामानखात्यात अनेक वर्षे काम केलेले के. आर. रामनाथन आणि त्यांचे सहकारी आर. व्ही. करंदीकर यांनी याच यंत्राच्या साह्याने उष्ण कटिबंधातील ओझोनची उंचीनुसार वाटणी शोधून काढली व १९४९ मध्ये प्रसिद्ध केली. त्या काळी या मापनाचा हेतू वाऱ्यांचा व हवामानाचा अभ्यास हाच होता, ओझोनला कोणापासून धोका असेल हे कोणाच्या स्वप्नीही नव्हते. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने इंग्रजांनी दक्षिण ध्रुवाजवळ हॅली बे येथे ठाणे वसविले आणि तेथेही एक डॉब्सन यंत्र नेऊन ठेवले. जवळजवळ तीन दशके ते यंत्र निमूटपणे नोंदी करीत राहिले.

मध्यंतरी मिड्‌ग्लेच्या वायूचा ठावठिकाणा लागला. जेम्स लव्हलॉक या स्वतंत्र वृत्तीच्या इंग्रज संशोधकाने स्वतः घडविलेले अतिसूक्ष्मग्राही उपकरण घेऊन १९७१-७२ मध्ये ‘शॅकल्टन’ जहाजातून इंग्लंडपासून दक्षिण ध्रुवखंडापर्यंत प्रवास केला, आणि कारखान्यांपासून हजारो मैल दूर असलेल्या समुद्रावरील हवेतही क्लोरोफ्लुरोकार्बन सापडते असे दाखविले. त्यापासून धोका संभवत नाही, असा निर्वाळाही त्याने देऊन टाकला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत शेरवूड रोलंड यांना हे ऐकून एक सरळ प्रश्न पडला: जो पदार्थ कशाशीच संयोग पावत नाही, पावसाने धुतला जात नाही, तो शेवटी जातो कुठे? १९७३ च्या शरदात मारिओ मोलिना हा मेक्सिकन तरुण त्यांच्याकडे आला आणि त्याने हा प्रश्न हाती घेतला. खालच्या हवेत या वायूला मरण नाही. तेव्हा तो वर्षानुवर्षे तरंगत स्थितांबरात पोहोचतो, ओझोनच्या आडोशाबाहेर जातो, आणि तेथे अतिनील किरणांचा मारा होऊन त्याच्यातील क्लोरीनचा अणू सुटा होतो. हा सुटा अणू ओझोनच्या रेणूतील एक अणू हिरावून घेतो, पुढच्याच क्षणी तो दुसऱ्या एका सुट्या प्राणवायूच्या अणूला देऊन टाकतो, आणि स्वतः जसाच्या तसा मोकळा होऊन दुसऱ्या ओझोनकडे वळतो. असा एक अणू निष्क्रिय होण्यापूर्वी ओझोनचे लाखभर रेणू संपवू शकतो. जून १९७४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हा लेख प्रसिद्ध झाला. मिड्‌ग्लेने ज्या निर्विकारपणाचा गौरव केला होता, तोच या वायूला ओझोनपर्यंत सुखरूप नेणारा ठरला.

येथपर्यंत दोन्ही प्रकरणे अलग होती. ती एकमेकांस भिडली १९७५ मध्ये, आणि ज्याने ती भिडविली तो तरुण याच देशातला. वीरभद्रन रामनाथन यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण अण्णामलै विद्यापीठात झाले. त्यानंतर काही काळ त्यांनी सिकंदराबाद येथे शीतकपाटांच्या धंद्यात नोकरी केली, आणि यंत्रातून शीतक वायू गळतो तो का व कसा थांबवावा हेच तेथे त्यांचे काम होते. पुढे अमेरिकेत पदवी घेऊन ते व्हर्जिनियातील नासाच्या लँगली केंद्रात ग्रहांच्या वातावरणातील उष्णतेच्या वहनाचा अभ्यास करीत असताना मोलिना-रोलंड यांचा लेख त्यांच्या वाचनात आला. ओझोनचे काय होते हा प्रश्न बाजूला ठेवून, या वायूचे रेणू अवरक्त किरणांचे काय करतात, हा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला. उत्तर थक्क करणारे निघाले. बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांनी अवरक्त वर्णपटाचा बराचसा भाग अडविलेला असतो, परंतु ८ ते १२ मायक्रॉन लांबीच्या किरणांचा एक पट्टा मोकळा राहतो आणि पृथ्वीची उष्णता मुख्यतः त्याच वाटेने बाहेर पडते. क्लोरोफ्लुरोकार्बनचे रेणू नेमके याच पट्ट्यात शोषण करतात. ज्या वाटेवर आधीच नाकेबंदी आहे तेथे आणखी एक शिपाई उभा केल्याने फरक पडत नाही. मोकळ्या वाटेवर एकच शिपाई उभा राहिला तरी वाहतूक खोळंबते. म्हणून कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूच्या मानाने या वायूचा एक रेणू सुमारे दहा हजारपट प्रभावी ठरतो, आणि त्याच्या मुख्य दोन प्रकारांचे प्रमाण हवेच्या एक अब्ज भागांत प्रत्येकी दोन भागांपर्यंत गेले, तर पृथ्वीचे तापमान जवळजवळ एक अंशाने वाढेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. कार्बन डायऑक्साइडखेरीज मनुष्याने सोडलेले इतर वायूही हवामान बदलू शकतात ही गोष्ट त्या लेखाने चर्चेत आणली.

आता त्या रूढ समजुतीकडे वळतो. ओझोन विरळ झाल्यामुळे जे जास्तीचे किरण खाली येतात, ते अतिनील वर्णपटाच्या एका अरुंद पट्ट्यातील आहेत. सूर्याकडून येणाऱ्या एकंदर ऊर्जेच्या मानाने त्यांचा वाटा क्षुल्लक आहे. ते जमीन तापवीत नाहीत, तर पेशींतील वंशद्रव्याला इजा पोहोचवितात. त्वचेचा कर्करोग, मोतीबिंदू, समुद्राच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म वनस्पतींची हानी हे त्यांचे परिणाम होत. उलटपक्षी, ओझोन अतिनील किरण गिळतो म्हणूनच स्थितांबर ऊबदार राहते. ओझोन घटला की स्थितांबर थंड होते, आणि खालील जमिनीवर त्याचा निव्वळ परिणाम झालाच तर अगदी किंचित थंडाव्याचा होतो. हरितगृह परिणामात मात्र आत येणारे ऊन जसेच्या तसेच असते, फक्त बाहेर जाणारी उष्णता अडते. स्यूकुरो मानाबे यांनी १९६७ मध्ये गणकयंत्रावर वातावरणाचा एक उभा स्तंभ मांडून दाखविले, की कार्बन डायऑक्साइड वाढविला असता खालचे तपांबर तापते आणि वरचे स्थितांबर त्याच वेळी थंड होते. पृथ्वी सूर्याच्या प्रखरतेमुळे तापत असती तर दोन्ही थर एकदम तापले असते. पुढे फुगे व उपग्रह यांच्या मापांत खालचा थर तापताना आणि वरचा निवताना आढळला. या कामासाठी मानाबे यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हॅली बेच्या यंत्राने मे १९८५ मध्ये तोंड उघडले. जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँक्लिन यांनी जाहीर केले, की ऑक्टोबर महिन्यात, म्हणजे तेथील वसंतात, ओझोनचे जे प्रमाण पूर्वी ३०० डॉब्सन एककांच्या आसपास असे, ते २०० च्या खाली उतरले आहे. नासाचा निंबस-७ हा उपग्रह त्याच प्रदेशावरून वर्षानुवर्षे जात होता. त्यालाही हे आकडे दिसले होते, परंतु १८० च्या खालील नोंद संशयास्पद म्हणून बाजूस ठेवण्याचा नियम त्याच्या हिशेबात घातलेला असल्यामुळे गोष्ट उघड होण्यास विलंब झाला. पवन भारतीया यांनी त्याच वर्षी उपग्रहाचे चित्र प्रागच्या सभेत दाखविले, तेव्हा घट एका ठाण्यावरची नसून अख्ख्या खंडावरची आहे हे कळून चुकले.

पण मोलिना-रोलंड यांच्या उपपत्तीप्रमाणे घट सावकाश, आणि तीही बऱ्याच अधिक उंचीवर व्हावयास हवी होती. ती दक्षिण ध्रुवावर, वसंतातच, इतकी अकस्मात का? सुसान सॉलोमन यांनी १९८६ मध्ये मॅकमर्डो येथे तुकडी नेऊन याचा छडा लावला. ध्रुवावरच्या दीर्घ रात्रीत हवा वाऱ्यांच्या भोवऱ्यात कोंडली जाते, तापमान शून्याखाली ७८ अंशांच्याही खाली उतरते, आणि एरवी कोरड्या असलेल्या स्थितांबरात बर्फ व आम्ल यांचे तुरळक ढग जमतात. क्लोरीनचा मोठा भाग एरवी निरुपद्रवी संयुगांत बंदिस्त असतो. या ढगांच्या कणांवर ती संयुगे फुटतात, क्लोरीन मोकळा होऊन सूर्याची वाट पाहत राहतो, आणि सप्टेंबरात ऊन येताच काही आठवड्यांत ओझोनचा फडशा पाडतो. सप्टेंबर १९८७ मध्ये चिलीतील पुंता आरेनास येथून उडालेल्या उंच विमानाने भोवऱ्यात शिरताना मापे घेतली, तेव्हा क्लोरीन मोनॉक्साइडची रेषा जेथे वर चढली तेथेच ओझोनची रेषा खाली कोसळलेली आढळली. येथे दोन प्रकरणांचा एक खरा संबंध दिसतो, आणि तो रूढ समजुतीच्या उलट आहे: हरितगृह वायूंनी स्थितांबर अधिक थंड केले, तर असे ढग जमण्यास अनुकूल स्थिती मिळते आणि ओझोनची जखम भरून येण्यास वेळ लागू शकतो.

त्याच महिन्यात, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, मॉन्ट्रियल येथे क्लोरोफ्लुरोकार्बनचे उत्पादन उतरत्या क्रमाने घटविण्याचा करारनामा झाला. शीतकपाटांचा उपभोग श्रीमंत देशांनी घेतला आणि बंदी मात्र सर्वांवर, हा भारताचा व चीनचा आक्षेप होता; १९९० मध्ये लंडन येथे गरीब देशांच्या कारखान्यांस नवे तंत्र घेण्यासाठी निधी उभारण्याचे ठरले, आणि १९९२ मध्ये भारत करारात सामील झाला. भारताने या वायूचे उत्पादन २००८ मध्ये बंद केले. ओझोनच्या बाबतीत एवढे जमले याचे कारण साधे आहे: वायू बनविणारे कारखाने हाताच्या बोटांवर नसले तरी मोजता येण्याजोगे होते, आणि त्याला पर्यायी पदार्थ सापडले. कार्बन डायऑक्साइडला कारखाना नाही. जेथे कोळसा, तेल अथवा लाकूड जळते तेथे तो आहे, म्हणून त्याच्यासाठी मॉन्ट्रियलसारखा आटोपशीर तहनामा कोणास लिहिता आला नाही. शिवाय कारखान्यांतील क्लोरोफ्लुरोकार्बन थांबले तरी हवेतील रेणू पन्नास ते शंभर वर्षे टिकतात. त्यामुळे दक्षिण ध्रुवावरील ओझोन १९८० च्या पातळीवर परतण्यास या शतकाचे सातवे दशक उजाडावे लागेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

पर्यायी पदार्थांनीही दोन अपराधांतील भेद चांगलाच उघड केला. क्लोरीन काढून टाकलेला, केवळ हायड्रोजन, फ्लुओरीन व कार्बन यांचा वायू आला. त्यात क्लोरीनच नसल्यामुळे तो ओझोनला स्पर्श करीत नाही, परंतु अवरक्त किरणांचा तोच मोकळा पट्टा अडविण्याची खोड त्याच्यात कायम आहे. म्हणून २०१६ मध्ये रवांडातील किगाली येथे मॉन्ट्रियल करारात दुरुस्ती करून ओझोनच्या दृष्टीने निर्दोष असलेल्या या वायूंनाही कात्री लावण्याचे ठरले. भारतावर त्याचे बंधन २०२८ पासून सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्के घटीपर्यंत जावयाचे आहे. वाचकाच्या घरात शीतकपाट असेल तर त्याच्या पाठीमागची किंवा आतल्या बाजूची लहानशी पट्टी त्याने जरूर वाचावी. त्यावर आर-१२ असेल तर तो मिड्‌ग्लेचा मूळ वायू, दोन्ही अपराधांचा धनी. आर-१३४ए असेल तर ओझोनच्या आरोपातून निर्दोष सुटलेला, परंतु शंभर वर्षांच्या हिशेबाने वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता अडविणारा. आणि आर-६००ए असेल तर तो आयसोब्यूटेन, जो दोन्ही बाबतींत जवळजवळ निष्पाप आहे, पण ज्वालाग्राही असल्याने ज्याचे प्रमाण यंत्रात अगदी थोडे ठेवावे लागते.